कुरोड्यांचं पार्सल: भाडं किती, पैसे कधी आणि कुठवर पोचतं, हे जाहिरातीत कसं लिहावं

वणी तालुक्यातल्या एका बचत गटाने व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर कुरोड्या ठेवल्या आहेत, असं धरू. फोटो चांगला आहे, किंमत ४०० रुपये किलो, आणि खाली तीन ओळी: ‘कुरिअर चार्ज वेगळा. सीओडी उपलब्ध. संपूर्ण महाराष्ट्रात डिलिव्हरी.’

पांढरकवड्याहून एकीचा मेसेज येतो: ‘ताई, आमच्या गावाले येईन का? कितीले पडन?’ पुण्याहून एकजण विचारतो: ‘टोटल सांगा.’ गटाच्या ताई दिवसभर शेतात. संध्याकाळी घरी येऊन कुरिअरवाल्याला विचारतात, मग उत्तर देतात. तोवर पुण्याच्या माणसाने दुसरीकडून मागवलेलं असतं. पांढरकवड्याच्या बाईला ‘चार्ज २६५ रुपये’ ऐकून वाटतं, ही आपल्याला लुटायला निघाली.

गडबड अशी, की जाहिरातीत सांगितलं ते सगळं विकणाऱ्याच्या बाजूने. घेणाऱ्याचे प्रश्न तीनच असतात आणि ते ठरलेल्या क्रमाने येतात. माझ्या गावी येतं का? सगळं मिळून किती? पैसे आधी की नंतर? जाहिरातीत या तिन्हींची उत्तरं द्यायची. लिहिणं दहा मिनिटांचं काम आहे, पण त्याआधी वहीत थोडा हिशेब करावा लागतो. तो केल्याशिवाय ‘वेगळा चार्ज’ याच्यापुढे कोणालाच जाता येत नाही.

भाडं कशावर ठरतं

बहुतेकांना वाटतं, एक किलोचं पार्सल म्हणजे एक किलोचं भाडं. कुरिअरवाला मात्र दोन वजनं काढतो. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याच्या आकारावरून काढलेलं, ज्याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं, की किलो निघतात. काही कंपन्या ५००० ऐवजी थोडा लहान आकडा धरतात, म्हणून आपल्या कुरिअरवाल्याला तो विचारून घ्यावा. दोन्हींपैकी जे वजन जास्त, त्याचे पैसे. गाडीत जागा अडते, त्याचेही पैसे लागणारच.

कुरोड्यांना हा नियम फार महाग पडतो. माल हलका, पण पसारा मोठा. गटाने मिळालं ते खोकं वापरलं: ३० लांब, २५ रुंद, २० उंच. गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. काट्यावर मात्र खोक्यासकट सव्वा किलोच्या आत. भाडं लागलं ३ किलोचं. वायगावची हळद याच्या अगदी उलट. एक किलो हळद २० बाय १५ बाय ८ च्या लहान खोक्यात बसते, आकाराने अर्धा किलोही भरत नाही, म्हणून काट्यावरचं वजनच धरलं जातं.

आता रुपये. समजायला सोपं जावं म्हणून दर मनाने घेतो. तुमच्या कुरिअरवाल्याचे वेगळे असतील, रीत हीच. पहिल्या ५०० ग्रॅमला ५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ३५. अर्ध्या किलोच्या वर थोडंही गेलं तरी पुढचा अख्खा टप्पा लागतो. हळदीचं पार्सल खोक्यासकट १ किलो १०० ग्रॅम, म्हणजे हिशेबाला दीड किलो: ५० अधिक दोन वेळा ३५, १२० रुपये. कुरोड्यांचं ३ किलोचं: ५० अधिक पाच वेळा ३५, २२५ रुपये. कुरिअरच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. तो धरला की हळदीला सुमारे १४२ आणि कुरोड्यांना सुमारे २६५.

हाच तो २६५. चारशेच्या कुरोड्यांवर २६५ भाडं कोणीही नाकारेल, आणि कितीही गोड भाषेत लिहिलं तरी नाकारेल. म्हणून जाहिरातीला हात लावण्याआधी खोकं बदलायचं. त्याच कुरोड्या दोन पाकिटांत नीट रचून २५ बाय २० बाय २० च्या खोक्यात बसवल्या, तर १०,००० भागिले ५०००, म्हणजे २ किलो. भाडं १५५, जीएसटीसकट सुमारे १८३. एका खोक्यामागे ८२ रुपये वाचले. शिवाय मोठ्या खोक्यात माल हलतो आणि कुरोड्यांचा चुरा होतो. घट्ट बसलेल्या खोक्यात तो कमी होतो. आमच्याकडे पुष्कळ जण किराणा दुकानातून बिस्किटांचं रिकामं खोकं आणतात, कारण ते फुकट मिळतं. फुकटचं ते खोकं दर पार्सलला किती खातं, हे एकदा टेप लावून पाहाच.

भाडं शहरानुसारही बदलतं. कुरिअरवाले देशाचे भाग पाडतात: त्याच शहरात, त्याच राज्यात किंवा विभागात, मोठ्या महानगरांत, बाकी देशात. प्रत्येक भागाचा दर वेगळा. हे सगळे दर जसेच्या तसे जाहिरातीत टाकणं, ही ‘वेगळा चार्ज’च्या उलट टोकाची चूक. घेणाऱ्याने कशाला तक्ता वाचायचा? आपली गिऱ्हाइकं खरोखर कुठे आहेत ते पाहून दोन, फार तर तीन आकडे करावेत. गटाने केले दोन: विदर्भासकट सगळ्या महाराष्ट्राला १९०, बाहेरच्या राज्यांना विचारून. एखाद्या गावाला १७० लागतात आणि एखाद्याला २००, पण वर्षभरात ते जुळून येतं.

आणि मग बेरीज करून टाकायची. ‘४०० + १९०’ असं लिहून वाचणाऱ्यावर सोडायचं नाही. ‘घरपोच एकूण ५९० रुपये (कुरोड्या ४००, भाडं १९०)’. याला कायद्याचंही बळ आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यायची असते, आणि सोबत डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी आणि कर यांची फोड. अधूनमधून घरातली जुनी वस्तू विकणाऱ्याला हे लागू नाही, पण नियमित धंदा करणाऱ्याला आहे. आधी कमी किंमत दाखवून शेवटी हळूहळू चार्ज वाढवत जाण्याला २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘ड्रिप प्राइसिंग’ म्हटलं आहे, आणि तसं करायला मनाई आहे. बचत गटाच्या ताई मुद्दाम तसं करत नाहीत, पण ‘चार्ज नंतर सांगू’ म्हटल्यावर गिऱ्हाइकाला येणारा अनुभव तोच असतो.

मग सरळ ‘फ्री डिलिव्हरी, ५९० रुपये’ का लिहू नये? पुण्या-मुंबईच्या माणसासाठी चालेल, त्याला बाजारातला भाव ठाऊक नसतो. पण वणीची, मारेगावची बाई हीच जाहिरात पाहते आणि म्हणते, कुरोड्या ५९० रुपये किलो? माझ्या मते गावाजवळची गिऱ्हाइकं असलेल्यांनी ‘फ्री’च्या नादी लागू नये. वरची फोड दोघांनाही समजते. घरून येऊन नेणाऱ्याला ४०० आणि पार्सलवाल्याला ५९०, कोणाचा गैरसमज नाही.

एकापेक्षा जास्त पाकिटं घेतली तर काय, हे सहसा कोणी लिहीत नाही आणि भांडण तिथेच होतं. हळद दोन किलो घेतली तर एकाच खोक्यात अडीच किलोच्या दरात जाते: सुमारे २२४ रुपये, म्हणजे दोनदा १४२ पेक्षा ६० रुपये कमी. ते लिहा, गिऱ्हाईक दुसरं पाकीट घेईल. कुरोड्यांना तसं होत नाही, कारण जागा दुप्पट तर भाडं जवळजवळ दुप्पट. तिथे ‘भाडं दर किलोमागे’ असं आधीच स्पष्ट लिहिलेलं बरं.

कॅश ऑन डिलिव्हरी

गावाकडचं गिऱ्हाईक पैसे आधी टाकायला कचरतं, आणि त्यात चूक काही नाही. एकदा तरी कोणाचे तरी पैसे बुडालेले असतात. म्हणून सीओडी ठेवावीच लागते. पण ती फुकट नसते, आणि तिचा खर्च दोन ठिकाणी लपलेला असतो.

पहिला उघड आहे. पैसे गोळा करून देण्याबद्दल कुरिअरवाला शुल्क घेतो. साधारणपणे ठरावीक रुपये किंवा रकमेचे काही टक्के, जे जास्त असेल ते. आपल्या हिशेबात ४० रुपये किंवा २ टक्के धरू. ५९० चे २ टक्के बारा रुपयेही होत नाहीत, म्हणून ४० लागतात, जीएसटीसकट ४७. आणि गोळा झालेले पैसे लगेच हातात पडत नाहीत, काही दिवसांनी खात्यावर येतात. ज्या गटाला पुढच्या आठवड्याचा गहू याच पैशातून घ्यायचा आहे, त्याने हे ध्यानात ठेवावं.

दुसरा खर्च परत आलेल्या पार्सलचा. दारात गेल्यावर ‘आता नको’, फोन बंद, किंवा घरी कोणीच नाही. कुरिअरवाला दोनतीनदा खेपा घालतो आणि माल परत पाठवतो. जायचे १८३ आणि बहुतेक ठिकाणी यायचेही तेवढेच: ३६६ रुपये. म्हणजे ४०० रुपयांच्या मालावर ३६६ रुपये गेले, वर दोनदा प्रवास केलेल्या कुरोड्यांचा चुरा. आठ सीओडी पार्सलांतलं एक जरी परत आलं, तरी हा भार प्रत्येक पार्सलवर ४६ रुपये पडतो. शुल्काचे ४७ आणि हे ४६ मिळून सीओडीचा खरा खर्च नव्वदच्या वर जातो.

हे सगळं गिऱ्हाइकाच्या माथी मारलं तर ते पळेल. सगळं आपणच सोसलं तर गट बुडेल. मधला रस्ता असा: सीओडीला ५० रुपये जास्त घ्यायचे आणि एकूण रकमेतले २०० आधी. एकूण ६४०, ऑर्डर देताना २०० फोन-पे किंवा गुगल-पेवर, पार्सल हाती आल्यावर ४४० रोख. सगळे ६४० बुडण्याची भीती वाटते त्याला २०० ची तेवढी वाटत नाही. आणि ज्याने २०० टाकले तो माणूस फोन उचलतो. पार्सल परत आलंच, तर नुकसान ३६६ वरून १६६ वर येतं.

मात्र हे २०० कधी परत मिळतात आणि कधी नाही, हे पैसे घेण्याआधी लिहिलेलं हवं. ‘पार्सल न घेतल्यास २०० परत नाहीत. आम्ही पाठवू शकलो नाही किंवा माल खराब निघाला तर सगळे पैसे परत.’ या दोन्ही ओळी एकत्रच लिहाव्यात. नुसती पहिली ओळ वाचली की धमकी वाटते. खराब किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे त्याच २०२० च्या नियमांत आहे, त्यामुळे दुसरी ओळ काही मेहेरबानी नव्हे.

कुठवर पोचतं

‘संपूर्ण महाराष्ट्रात’ या शब्दांत गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागडही येतं. तिथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा रस्ता तुटतो. तुमचं कुरिअर तिथवर जातं का, हे न तपासता तसं लिहू नये.

तपासायचं पिनकोडवरून. कुरिअरच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर पिन टाकला की सेवा आहे की नाही ते दिसतं. पण तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या: आधी पैसे भरलेलं पार्सल जातं का, आणि सीओडी जाते का. पुष्कळ ग्रामीण पिनांवर पहिलं चालतं, दुसरं नाही. जाहिरातीत ‘सीओडी उपलब्ध’ एवढंच असेल तर त्या गावच्या माणसाची ऑर्डर घेऊन मागाहून नाही म्हणावं लागतं, आणि तो पुन्हा येत नाही.

हद्द लिहिताना जिल्ह्याची नावं घालायचा मोह होतो. पण पिनचे आकडे जिल्ह्याच्या रेषेने चालत नाहीत. खामगाव बुलडाणा जिल्ह्यात, पिन मात्र ४४४३०३, म्हणजे अकोला-अमरावतीच्या मालिकेतला. गडचिरोली शहराचा ४४२६०५, त्याच जिल्ह्यातल्या देसाईगंजचा ४४१२०७. म्हणून ‘४४२ ने सुरू होणारे पिन’ असा आडाखा बांधला तर जिल्ह्यातली काही गावं सुटतात आणि दुसऱ्या जिल्ह्यातली काही घुसतात. जाहिरातीत शंभर पिन लिहायचे नाहीतच. लिहायचं एवढंच: ‘पिनकोड पाठवा, येतं की नाही ते लगेच सांगतो.’ आणि ज्या तालुक्यांत आपल्याला नक्की माहीत आहे तिथली नावं.

पिन बरोबर असूनही पार्सल अडतं, ते एका वेगळ्याच कारणाने. एका पिनखाली तालुक्याचं गाव असतं आणि आसपासची पुष्कळ खेडीही. ॲप म्हणतं सेवा आहे, कारण तालुक्याच्या गावी आहे. पंधरावीस किलोमीटर आतल्या खेड्यासाठी कुरिअरचा पोरगा फोन करून सांगतो, ‘काकू, स्टँडवर येऊन घेऊन जा.’ काकूंना एक दिवस मोडून, जीपचं भाडं घालून यावं लागतं. सीओडी असेल तर त्या सरळ नको म्हणतात, आणि वर पाहिलेले ३६६ रुपये असे जातात. अशा खेड्यांना पोस्ट बरं. शाखा डाकघर जवळच्या गावात असतं आणि ग्रामीण डाक सेवक तिथलाच, त्याला सगळी घरं ठाऊक. वेळ थोडा जास्त लागतो. म्हणून गटाने दोन भाग केले. तालुक्याच्या गावापर्यंत कुरिअर आणि सीओडी. आतल्या खेड्यांना स्पीड पोस्ट, आणि पैसे आधी. ‘घरपोच’ हा शब्द दोन्हीकडे सारखा वापरायचा नाही. जिथे येऊन न्यावं लागेल तिथे तसं लिहायचं.

पत्ता मागतानाही काळजी हवी. खेड्याचा मुक्काम आणि पोस्ट बहुधा वेगळं असतं: राहायचं एका गावात, डाकघर दुसऱ्या गावात. माणूस घाईत गावाचं नाव तेवढं पाठवतो आणि पिन तालुक्याचा टाकतो. म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात: मुक्काम, पोस्ट, तालुका, पिन. शिवाय चालू असलेला फोन नंबर, आणि घराची खूण. ‘मारुतीच्या पाराजवळ’ ही खूण घर नंबरापेक्षा कामाची, कारण घर नंबर कोणी लावलेलाच नसतो.

लिहिलेली जाहिरात

एवढ्या हिशेबानंतर कॅटलॉगमधला मजकूर असा झाला:

गव्हाच्या कुरोड्या, १ किलो: ४०० रुपये
वणीत घरून न्याल तर ४०० रुपये.
महाराष्ट्रात पार्सलने एकूण ५९० रुपये (कुरोड्या ४००, भाडं १९०). भाडं दर किलोमागे.
कुरिअर तालुक्याच्या गावापर्यंत घरपोच. आतल्या खेड्यांना स्पीड पोस्टाने, तेवढ्याच पैशात. पिनकोड पाठवा, येतं की नाही ते लगेच सांगतो.
कॅश ऑन डिलिव्हरी: एकूण ६४० रुपये. २०० आधी, ४४० पार्सल घेताना. फक्त कुरिअरच्या गावांना.
पार्सल न घेतल्यास २०० परत नाहीत. आम्ही पाठवू शकलो नाही किंवा माल खराब निघाला तर सगळे पैसे परत.
हे दर ३१ ऑगस्टपर्यंत.

फोनवर वर्णनाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. म्हणून घरपोच एकूण किंमत वरच आली आहे. अटी खाली गेल्या तरी चालतं, कारण तिथवर वाचणारा घ्यायच्या तयारीत असतो.

दर मजकुरात लिहावेत, फोटोवर छापू नयेत. कुरोड्यांचा फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जातो, सहा महिन्यांनी कोणी तोच घेऊन येतं आणि म्हणतं, ‘ताई, याच्यावर तर ५९० लिहिलंय.’ तोवर कुरिअरचा दर वाढलेला असतो. मजकूर एका जागी बदलता येतो, फिरणारा फोटो नाही. फोटोवर काही छापायचंच असेल तर फक्त फोन नंबर आणि ‘आजचा दर विचारा’ एवढंच.

वहीत दोन रकाने आखून ठेवावेत. एकात परत आलेलं प्रत्येक पार्सल आणि कुरिअरने सांगितलेलं कारण: नको म्हणाले, फोन लागला नाही, पत्ता सापडला नाही. दुसऱ्यात लोकांनी मेसेजवर विचारलेले प्रश्न. ‘पत्ता सापडला नाही’ वाढलं, तर पत्ता मागायच्या ओळीत काहीतरी सुटलंय. ‘फोन लागला नाही’ वाढलं, तर पाठवण्याआधी एक फोन करायची सवय लावायची. आणि कुरिअर चार्ज किती, हा प्रश्न अजूनही रोज येत असेल तर एकूण किंमत वरच्या ओळीत नाही, किंवा कोणीतरी जुना फोटो फिरवतंय. जुलैत भामरागड, एटापल्लीकडून ऑर्डर आली तर पार्सल बांधायच्या आधी रस्ता चालू आहे का, हे गिऱ्हाइकालाच विचारावं. त्यांना कुरिअरवाल्यापेक्षा आधी कळतं.